तोफांच्या पडद्यामागून चालणं : क्रीपिंग बॅराज म्हणजे काय?

(खंडाळा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत, चावडीपाशी किंवा वेशीजवळ, एक जुना दगड किंवा पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावर मजकूर असतो. ते कुठं लढले, कसे लढले, यातलं तिथं काही नसतं. आज मला त्यातल्या 'कसे' बद्दल बोलायचं आहे, आणि तेही एकाच गोष्टीपुरतं. समोरच्या खंदकात मशीनगन घेऊन शत्रू बसलाय, मधे उघडं रान आहे. अशा रानातून माणसानं चालत जायचं, तर जायचं कसं?

या प्रश्नाला त्या युद्धानं जे उत्तर शोधलं त्याला इंग्रजीत क्रीपिंग बॅराज म्हणतात. आपण त्याला 'सरकता मारा' म्हणू. तोफांचे गोळे एका ओळीत पडत राहतात, ती ओळ ठरलेल्या वेळी थोडी पुढं सरकते, परत थोडी पुढं, आणि तिच्या मागोमाग पायदळ चालतं.

डोळ्यांसमोर येण्यासाठी एक चित्र देतो. जून-जुलैत मांढरदेवच्या डोंगराकडून पावसाची सर येते तेव्हा तिची कड स्पष्ट दिसते. इकडं कोरडं आणि तिकडं काही दिसत नाही. ती सर शिवारातून पुढं जाते आहे आणि आपण तिच्या मागच्या कडेला चिकटून चाललोय असं समजा. पलीकडच्या माणसाला आपण दिसणार नाही, आणि तो तर सर चुकवायला डोकं खाली घालून बसलेला असेल. सरकता मारा म्हणजे हेच, फक्त पावसाच्या जागी शिशाच्या गोळ्या.

आता इथं एक गैरसमज आधीच काढून टाकू. आपल्याला वाटतं, तोफा शत्रूला मारण्यासाठी आहेत. साहजिक आहे. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत सेनापतींनाही तसंच वाटत होतं. १९१६ साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत इंग्रजांनी आठवडाभर तोफा डागल्या, की समोर कोणी जिवंतच उरू नये. पण जर्मन लोक जमिनीखाली खोल, कित्येक फूट खोल भुयारं खणून बसले होते. १ जुलैला सकाळी साडेसातला तोफांनी आपला मारा उचलला आणि थेट मागच्या खंदकावर नेला. इंग्रज पायदळ उठून चालू लागलं. वर शांत झालंय हे कळताच जर्मन शिपाई भुयारातून वर आले, मशीनगनी मांडल्या आणि समोर उघड्यावर चालत येणाऱ्या माणसांवर झाडल्या. त्या एका दिवशी ब्रिटिश फौजेची एकोणीस हजारांहून जास्त माणसं मेली.

या दिवसाकडं नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ही माणसं तोफा कमी पडल्या म्हणून मेली नाहीत. तोफ थांबल्यापासून आपला माणूस समोरच्या खंदकापर्यंत पोचेतो जी काही मिनिटं जातात, त्या मिनिटांत ती मेली. ही एक शर्यत होती. एकीकडं भुयाराच्या पायऱ्या चढून वर येणारा मशीनगनवाला, दुसरीकडं रान तुडवत येणारा शिपाई. जो आधी पोचेल तो जगेल.

म्हणजे तोफांनी करायचं काय? शत्रूला मारता आलं तर उत्तमच, पण मुख्य काम म्हणजे आपला माणूस अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला डोकं वर काढू द्यायचं नाही. सरकता मारा हा मारण्यासाठी नव्हता, वेळ विकत घेण्यासाठी होता. हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं.

थोडी आकडेमोड करू. ही आकडेमोड माझी आहे, समजण्यापुरती. समजा, तोफ उचलल्यावर मशीनगनवाल्याला वर येऊन गन मांडायला एक मिनिट लागतं. आपली एक तुकडी माऱ्यापासून ५० यार्डांवर आहे. यार्ड म्हणजे आपला वार, मीटरपेक्षा जरासा लहान. ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, धावत जायला पाठीवर ओझं असलं तरी अर्धं मिनिट पुरे. ही तुकडी त्याच्या आधी पोचली. आता दुसरी तुकडी घ्या, जी २०० यार्डांवर राहिली. तिला दोन मिनिटं तरी लागणार, वाटेत तार असली तर जास्तच. म्हणजे किमान एक मिनिट ती तुकडी मांडलेल्या मशीनगनीसमोर उघड्यावर आहे. आणि त्या काळची मशीनगन एका मिनिटात पाचशेच्या आसपास गोळ्या झाडायची. दोन तुकड्यांमधला फरक फक्त दीडशे यार्डांचा, पण एक जगली आणि दुसरी संपली.

म्हणून त्या वेळचे अधिकारी शिपायांना बजावायचे की माऱ्याला चिकटून चाला. आणि शिपायाचं मन नेमकं उलटं सांगत असतं. पुढं गोळे फुटताहेत, आणखी जवळ कसं जायचं? पण धोका जवळ जाण्यात कमी होता आणि मागं राहण्यात जास्त. हे नव्या शिपायाला पटवणं हीच प्रशिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट होती.

तुम्ही विचाराल, पन्नास यार्डांवर आपलेच गोळे फुटत असतील तर आपलीच माणसं मरणार नाहीत का? इथं गोळ्याची बनावट समजून घ्यावी लागते. सरकत्या माऱ्याचं बरंचसं काम अठरा पौंडी तोफा करायच्या. तिचा एक गोळा साडेआठ किलोच्या आसपास. त्यातला श्रॅपनेल नावाचा प्रकार म्हणजे खरं तर उडती बंदूकच. पोलादी नळकांड्यात सुमारे ३७५ शिशाच्या गोळ्या भरलेल्या, तळाशी थोडी दारू आणि टोकाला वेळेचा फ्यूज. गोळा जमिनीवर पडायच्या आधीच, काही मीटर उंचीवर असताना, तळाची दारू पेटते आणि आतल्या गोळ्या पुढच्या दिशेनं, खाली, पंख्यासारख्या फेकल्या जातात. 'पुढच्या दिशेनं' हे शब्द महत्त्वाचे. तोफ आपल्या पाठीमागं असते, म्हणजे शिशाचा हा मारा आपल्यापासून लांब, शत्रूकडं जातो. म्हणून त्याच्या मागं इतकं जवळ चालता येत होतं. दुसरा प्रकार जमिनीवर आपटून फुटणारा, त्याचे तुकडे सगळीकडं उडतात, मागंसुद्धा. त्याच्यापासून जास्त अंतर ठेवावं लागतं.

पण श्रॅपनेलची मर्यादाही यातच आहे. वरून आलेल्या शिशाच्या गोळ्या मातीच्या जाड छताला काहीच करत नाहीत. भुयारातला शत्रू सुखरूप असतो, फक्त वर येऊ शकत नाही. म्हणजे पुन्हा तेच, हा मारा शत्रूला संपवत नाही, थांबवतो.

आता हे सगळं चालवायचं कसं? समोर शिपाई कुठं पोचलाय हे तोफवाल्याला दिसत नाही. तो दोन-तीन किलोमीटर मागं आहे. मधे धूर, धूळ. आज आपण म्हणू, वायरलेसवर विचारा. तेव्हा शिपायाबरोबर नेता येईल असा वायरलेस नव्हता. टेलिफोनची तार टाकली तर ती गोळ्यांनी तुटायची. निरोप्या धावत मागं यायला अर्धा-पाऊण तास, तोही जिवंत आला तर.

म्हणून उत्तर काढलं घड्याळाचं. आदल्या दिवशी नकाशावर समांतर रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवर वेळ लिहायची. हल्ल्याची वेळ म्हणजे शून्य. शून्य अधिक दोन मिनिटांनी मारा या रेघेवर, शून्य अधिक चार मिनिटांनी त्या रेघेवर. प्रत्येक तोफखान्याला रानाची एक पट्टी वाटून दिलेली. प्रत्येक तोफेजवळ कागदाचा तक्ता, कोणत्या मिनिटाला किती पल्ला, मिनिटाला किती गोळे. सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवलेली. ठरलेली वेळ आली की तोफेचा पल्ला तितक्या यार्डांनी वाढवायचा आणि झाडत राहायचं. तोफवाला शत्रूकडं बघत नाही, आपल्या माणसांकडंही बघत नाही. तो घड्याळाकडं बघतो.

आपल्या खंडाळा तालुक्यातून, लोणंदवरून, माउलींची पालखी जाते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना नंबर असतात, चालण्याचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेला. लाखो माणसं शिस्तीत पुढं जातात ती या ठरलेपणामुळं. पण दिंडी मागं राहिली तर सोहळा थांबू शकतो, चोपदार मागं-पुढं बघत असतो. सरकत्या माऱ्याला चोपदार नाही. एकदा निघाला की तो कोणासाठी थांबत नाही.

आणि बिघडायचं ते इथंच. पुन्हा एक हिशेब. मारा १०० यार्डांना दोन मिनिटं या गतीनं सरकतोय. पायदळ मधे तारेत अडकलं, चिखलात रुतलं, त्याला १०० यार्डांना तीन मिनिटं लागताहेत. फरक फार वाटत नाही. पण ४०० यार्ड गेल्यावर मारा आठ मिनिटांत तिथं पोचला आणि पायदळ बारा मिनिटांत. चार मिनिटांचा फरक, म्हणजे मारा २०० यार्ड पुढं निघून गेला. आणि आपण पाहिलंच, २०० यार्ड म्हणजे काय. इंग्रज शिपाई याला 'बॅराज हरवला' असं म्हणायचे. हरवला हे कसं कळायचं? पुढची धुराची भिंत लांब गेलेली दिसायची, मधलं रान मोकळं दिसायला लागायचं, आणि गोळ्यांच्या सलग गडगडाटातून समोरच्या मशीनगनची टकटक वेगळी ऐकू यायला लागायची. ती ऐकू आली म्हणजे उशीर झालेला असायचा.

यावर उपाय दोन होते. एक, गती जमिनीप्रमाणं ठरवायची. १९१७ च्या एप्रिलमध्ये विमी इथं कॅनडाच्या फौजेनं १०० यार्डांना तीन मिनिटं अशी गती धरली होती. त्याच वर्षी पुढं बेल्जियमच्या चिखलात ती त्याहून मंद करावी लागली. दुसरा उपाय म्हणजे मधे थांबे ठेवायचे. ठरलेला खंदक घेतला की मारा त्याच्यापुढं काही अंतरावर जाऊन थांबतो, नुसता भिंतीसारखा उभा राहतो. त्या आडोशात मागं राहिलेली माणसं येऊन मिळतात, जखमी मागं जातात, नवी तुकडी पुढं येते. मग पुन्हा मारा सरकू लागतो.

आता आपल्या माणसांकडं येऊ. आपल्या भागातले लोक ज्या मराठा पलटणींत होते त्यांतल्या बऱ्याच फ्रान्समध्ये नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. त्यांतलीच एक १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. हीच आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, काली पाँचवी. दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान असे तिच्यात लोक होते. ही पलटण लाहोर डिव्हिजनमध्ये होती. १९१८ साली ही डिव्हिजन इराकमधून इजिप्तमार्गे पॅलेस्टाईनला आली, आणि १९ सप्टेंबर १९१८ ला शेरॉनच्या मैदानावर जनरल ॲलनबींच्या मोठ्या हल्ल्यात उतरली. पलटणीच्या सन्मानांत 'शेरॉन' आणि 'मेगिड्डो' ही नावं आहेत ती या लढाईची.

सरकता मारा कसा असावा हे बघायचं तर ही लढाई चांगली आहे, कारण सोममधल्या बहुतेक चुका इथं टाळल्या होत्या. पहिली गोष्ट, आठवडाभर तोफा डागून शत्रूला आधी जागं केलं नाही. समुद्रापासून आतल्या डोंगरापर्यंतच्या आघाडीवर सुमारे ३८० तोफा गुपचूप आणून ठेवल्या होत्या. पायदळ रात्रीच अंधारात पुढं आलं. पहाटे साडेचारला सगळ्या तोफा एकदम सुरू झाल्या. जोराचा मारा फक्त पंधरा मिनिटं चालला. त्या अवधीत पायदळ समोरच्या खंदकाच्या दिशेनं निघालेलं होतं. मारा तिथून उठला तेव्हा शिपाई जवळ आलेले होते. शर्यत सुरू व्हायच्या आधीच ती निम्मी जिंकलेली होती.

दुसरी गोष्ट गतीची. इथं एकच गती ठेवली नव्हती. जागेनुसार मिनिटाला ५०, ७५ किंवा १०० यार्ड. म्हणजे विमीच्या मानानं कितीतरी वेगवान. तशी परवडली कारण इथं चिखल नव्हता, कोरडी जमीन होती, काटेरी तारांची जाळी फ्रान्सइतकी दाट नव्हती आणि तुर्कांचं संख्याबळही तोकडं होतं. तेच वेळापत्रक बेल्जियममध्ये लावलं असतं तर पायदळ पहिल्या पाच मिनिटांत मागं पडलं असतं.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. अठरा पौंडी तोफा पायदळाच्या अगदी पुढं पडदा धरत होत्या. साडेचार इंची हॉवित्झर त्या पडद्याच्या पलीकडं, शत्रूच्या मागच्या ठिकाणांवर मारत होत्या. आणि जड तोफांचं एक मोठं काम होतं शत्रूच्या तोफा गप्प करण्याचं. शेवटी उघड्यावर चालणाऱ्या माणसाला मशीनगनइतकाच धोका शत्रूच्या तोफेचाही असतो.

पहिली फळी फोडून लाहोर डिव्हिजन उजवीकडं, डोंगराच्या दिशेनं वळली, जलजुलिया आणि कलकिलियाकडं. आणि इथं सरकत्या माऱ्याची शेवटची मर्यादा आली, ती म्हणजे तोफेचा पल्ला. अठरा पौंडी तोफ साधारण सहा किलोमीटर मारते. ती आपल्या खंदकाच्या दोन किलोमीटर मागं उभी असेल तर पुढं चार किलोमीटरवर पडदा संपला. त्यानंतर तोफा घोड्यांना जुंपून पुढं आणायच्या, पुन्हा मांडायच्या, पुन्हा तक्ता करायचा. यात काही तास जातात आणि तेवढ्यात शत्रू नवी फळी उभारतो. फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं हेच होत राहिलं. चार किलोमीटर मिळायचे, मग सगळं अडकायचं.

शेरॉनला अडकलं नाही, कारण पडदा संपेपर्यंत शत्रूची फळी मुळात संपली होती आणि पायदळानं पाडलेल्या खिंडारातून घोडदळ निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाझरेथला होतं. २३ सप्टेंबरला हैफा घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी, ते आपल्याला माहीत असतं. पण घोडे ज्या वाटेनं गेले ती वाट पायदळानं पहाटे तोफांच्या पडद्यामागून चालत उघडली होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

व्याख्यान इथं संपवणार होतो, पण मघाशी चहाच्या वेळी तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, शॉर्ट राउंडबद्दल बोलणार की नाही?" बोललं पाहिजे. त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

एकाच तोफेतून, एकाच कोनात, एकसारखे गोळे सोडले तरी ते सगळे एका जागी पडत नाहीत. डावी-उजवीकडं थोडेच सरकतात, पण पल्ल्याच्या दिशेनं, म्हणजे पुढं-मागं, जास्त पसरतात. नळी झिजली की गोळा अलीकडं पडतो. दारू थंड असली की अलीकडं पडतो. समोरून वारा असला की अलीकडं. फ्यूज जरा लवकर पेटला तर अलीकडं. आणि अलीकडं म्हणजे आपल्या माणसांवर. पन्नास यार्डांवर चालायचं तर यातले काही गोळे आपल्यावर पडणार, हे योजना आखणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी हिशेब मांडला की माऱ्याला चिकटून चाललो तर आपल्या गोळ्यांनी थोडे मरतील, लांबून चाललो तर शत्रूच्या मशीनगननं कितीतरी जास्त मरतील. म्हणून चिकटून चाला.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात आम्ही असे प्रश्न घ्यायचो, थोड्यांचा जीव देऊन पुष्कळांचा वाचवावा का? काल्पनिक उदाहरणं असायची. हे उदाहरण काल्पनिक नाही. हिशेब म्हणून तो बरोबर होता, असंच मला वाटतं. मी त्या जागी असतो तर मीही तसाच हुकूम दिला असता. पण दोन गोष्टी मला त्या हिशेबात दिसत नाहीत. एक, चिकटून चालणाऱ्या शिपायाला हा हिशेब कोणी विचारला नव्हता, फक्त हुकूम सांगितला होता. तरी तो चालला, न दिसणाऱ्या तोफवाल्याच्या घड्याळावर विश्वास ठेवून. आणि दुसरी, थोडे म्हणजे कोण, हे आधी कोणालाच माहीत नसतं. हिशेबात तो एक आकडा असतो. घरी तार जाते तेव्हा तो एकच असतो, आणि तो शत्रूच्या गोळीनं गेला की आपल्या, हे त्या तारेत लिहिलेलं नसतं.

आपल्या वेशीवरच्या पाटीवरही ते लिहिलेलं नाही. तिथं फक्त गेलेल्यांचा आणि न परतलेल्यांचा आकडा आहे. पुढच्या वेळी तिथून जाताना तो वाचा, आणि त्यातला प्रत्येकजण कुठल्यातरी पहाटे घड्याळाकडं बघत उठून उभा राहिला असेल, एवढं लक्षात ठेवा.